साहेबांचा ओरडा आणि आपली वही

आपल्या वस्तीतल्या कितीतरी बाया आणि पोरं आज नोकरीत आहेत. कुणी अंगणवाडीत, कुणी उपकेंद्रावर, कुणी खासगी दवाखान्यात, कुणी नगरपंचायतीच्या सफाईत, कुणी दुकानात हिशेब लिहायला. त्यांच्यातली एखादी डोकेदुखी, अपुरी झोप, छातीत धडधड घेऊन येते. बीपी मोजले तर वाढलेले निघते. विचारत गेले की शेवटी खरे कारण बाहेर येते: "साहेब सगळ्यांसमोर बोलतात. आज सांगतात, उद्या पाहिजे म्हणतात. कितीही केलं तरी पुरत नाही." गोळी दिली तर चार दिवस बरे वाटते. सोमवारची मीटिंग आली की पुन्हा तेच. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

माझे मत पहिल्यांदाच सांगते. अशा साहेबाविरुद्ध रागाच्या भरात, एका प्रसंगावर तक्रार करू नये. आधी सहा ते आठ आठवडे वही लिहावी. एका दिवसाचा ओरडा "साहेबांचा स्वभाव" म्हणून झटकला जातो. तारखांसह लिहिलेले पंधरा प्रसंग झटकता येत नाहीत. यात दोन अपवाद आहेत. अंगावर हात टाकला, लैंगिक त्रास दिला किंवा जिवाची धमकी दिली, तर वही भरत बसायचे नाही, त्याच दिवशी तक्रार करायची. आणि त्रास सोसणाऱ्याच्या मनात जगणे नको असे विचार येत असतील, तर पुरावा बाजूला ठेवायचा आणि आधी माणूस सांभाळायचा. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

वहीचा एवढा आग्रह का, हे एका निकालावरून समजते. औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या पत्नीने फिर्याद दिली. वरिष्ठ फार काम देत, सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत राबवत, सुट्टीच्या दिवशी आणि अवेळी बोलावत, एक महिन्याचा पगार थांबवला, वेतनवाढ रोखण्याची धमकी दिली, असे त्या माउलीचे म्हणणे होते. वरिष्ठावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. तो रद्द करायला औरंगाबाद खंडपीठाने नकार दिला. पण मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'वैजनाथ कोंडिबा खंडके विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात तो रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते: वरिष्ठाने जास्त काम दिले एवढ्यावरून त्याचा हेतू गुन्हेगारीचा होता असे धरता येत नाही. माणसाला त्या टोकाला ढकलण्यासाठी कुणी मुद्दाम तशी परिस्थिती निर्माण केली तर कलम लागू शकते, पण या प्रकरणात समोर आलेली माहिती त्यासाठी अपुरी आहे.

हा निकाल अनेकांना कडू लागला, मलाही लागला. पण त्यातला एक शब्द आपल्या कामाचा आहे, तो म्हणजे 'मुद्दाम'. काम जास्त होते हे सांगून भागत नाही. ते काम मुद्दाम, ठरावीक माणसावर, वारंवार लादले जात होते हे दाखवावे लागते. माणूस गेल्यावर घरच्यांना ते दाखवणे फार अवघड असते, कारण त्याने घरी सगळे सांगितलेले नसते. ते जिवंतपणीच, नोकरीत असतानाच, लिहून ठेवावे लागते. गुन्हा दाखल करण्यासाठी नव्हे, तर त्या टोकाला जायच्या आधीच त्रास थांबवण्यासाठी.

दुसरी गोष्टही लक्षात घ्या. नुसत्या कामावरच्या छळासाठी आपल्या देशात वेगळा कायदा नाही. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे, जातीवरून अपमान केला तर अॅट्रॉसिटी कायदा आहे. पण "साहेब सगळ्यांसमोर टाकून बोलतात आणि अशक्य मुदती देतात" याला स्वतःचे असे कलम नाही. म्हणून हे प्रकरण बहुतेक वेळा साहेबाच्या वरच्या साहेबापुढे लढले जाते, आणि तिथे कलमापेक्षा कागद बोलतो.

आता वही कशी लिहायची ते एका प्रकरणावरून सांगते. हे एकाच बाईचे नाही. दोन-तीन जणींच्या वह्यांमधून बेतलेले आहे, आणि ओळख पटेल असे सगळे काढून टाकले आहे.

एक कंत्राटी आरोग्यसेविका. अकरा महिन्यांचा आदेश. दर सोमवारी मीटिंग. साहेब तिला उभे करून बोलत: "हिला काही येत नाही, हिच्यामुळे आपला रिपोर्ट मागे पडतो." बाकीच्या खाली माना घालून बसत. ती रडत घरी येई. नवरा म्हणे, सोडून दे. सासू म्हणे, नोकरी कुठे मिळते, ऐकून घे. दोघांचेही तिच्यावर प्रेमच होते, पण दोन्ही सल्ल्यांनी त्रास थांबत नव्हता.

तिने शंभर पानी वही घेतली. वही शिवलेली हवी, सुटे कागद नकोत, कारण सुटे कागद मागाहून घुसवले असा आरोप होतो. प्रत्येक पानावर क्रमांक टाकला. नोंद त्याच दिवशी, झोपायच्या आधी, पेनाने. चूक झाली तर एक रेघ मारून पुढे लिहायचे, पान फाडायचे नाही. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी: तारीख आणि वेळ, जागा, साहेबांचे शब्द जसेच्या तसे, तिथे कोण कोण होते, आणि त्या दिवशी कामाची खरी स्थिती काय होती. "साहेब खूप वाईट बोलले" असे लिहू नये. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. "'तुझ्या जागी घोडा बांधला असता तर बरं झालं असतं,' असे म्हणाले. सकाळी ११ वाजून १० मिनिटे. मीटिंग हॉल. आम्ही नऊ जणी आणि दोन आशाताई हजर" असे लिहावे. साहेबांबद्दलचे आपले मत, शिव्या, शाप वहीत नको. ते मैत्रिणीजवळ बोलावेत. वही उद्या दुसऱ्याच्या हातात जाणार आहे.

पाचवी गोष्ट, म्हणजे कामाची खरी स्थिती, बहुतेक जणी विसरतात आणि तिथेच प्रकरण पडते. साहेब म्हणणार, काम झाले नव्हते म्हणून बोललो. त्या दिवशी तुमचे काम खरेच बाकी असेल तर तेही खरे लिहा. "माझ्या सात नोंदी बाकी होत्या, शेजारच्या उपकेंद्राच्या अकरा बाकी होत्या, त्यांना काही बोलले नाहीत." ही ओळ दहा तक्रारींच्या तोडीची आहे. कडक साहेब सगळ्यांना सारखाच कडक असतो, आणि चूक कशी दुरुस्त करायची तेही सांगतो. छळणारा साहेब माणूस निवडतो. फरक तुलनेतून दिसतो, म्हणून तुलना लिहावी लागते.

आता मुदतीकडे वळू. "मुदत अशक्य होती" हे आपले मत झाले. ते गणिताने सिद्ध करावे लागते. त्या बाईला एका शुक्रवारी दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी व्हॉट्सअॅपवर आदेश आला की २४० कुटुंबांची माहिती सोमवारी सकाळी १० पर्यंत ऑनलाइन भरून झाली पाहिजे. तिने आधी दहा कुटुंबे भरून वेळ मोजला. नेटवर्क चांगले असताना एका कुटुंबाला दहा मिनिटे लागत होती. म्हणजे २४० कुटुंबांना २,४०० मिनिटे, अर्थात ४० तास. शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत एकूण ६५ तास होतात, त्यात तीन रात्री, आणि शनिवारी सकाळी ९ ते २ तिचे लसीकरण सत्र. रोज सहा तास झोप आणि जेवणखाण, स्वयंपाक, ये-जा धरली तर हातात चाळीस तास उरत नव्हते, तेही रविवारी एक मिनिट सुट्टी न घेता. हे गणित तिने वहीत मांडले. मग ते कुणाला पटवून द्यावे लागत नाही, आकडेच बोलतात.

पण गणित वहीत ठेवून भागत नाही, ते साहेबांना कळवले पाहिजे. आणि ते भांडणासारखे नको, कामासारखे हवे. तिने त्याच संध्याकाळी उत्तर पाठवले: "सर, २४० कुटुंबांची नोंद करायची आहे. एका नोंदीला साधारण १० मिनिटे लागतात, एकूण ४० तास. शनिवारी लसीकरण सत्र आहे. सोमवारी १० पर्यंत साधारण ११० नोंदी होतील. उरलेल्या बुधवारपर्यंत पूर्ण करते. आधी कोणत्या गावाच्या करू, कृपया सांगावे." साहेबांचे उत्तर आले: "कारणे सांगू नका. झाले पाहिजे." सोमवारी तिने ११८ नोंदी करून दाखवल्या आणि मीटिंगमध्ये तिला उभे करून बोलले गेले.

या दोन निरोपांत अर्धे प्रकरण उभे राहिले आहे. तिने काम नाकारले नाही. किती होईल ते आधी सांगितले, सांगितले त्यापेक्षा जास्त केले, काय आधी करू ते विचारले. साहेबांनी मार्ग दिला नाही आणि तरी सगळ्यांसमोर बोलले. "मला जमणार नाही" असे लिहिले असते तर तोच कागद तिच्याविरुद्ध गेला असता. तोंडी आदेश आला तरी हीच पद्धत वापरावी. घरी येऊन एक निरोप टाकावा: "सर, आज आपण सांगितल्याप्रमाणे अमुक काम अमुक वेळेपर्यंत करायचे आहे, बरोबर समजले ना?" उत्तर आले तर आदेश लेखी झाला. उत्तर नाही आले तरी आपण विचारल्याची नोंद राहते.

त्याच शुक्रवारी इतर दोन सेविकांनाही जवळपास तेवढेच काम मिळाले होते, पण मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत होती. हे तिला एका मैत्रिणीने सांगितले. मैत्रिणीकडून लेखी साक्ष मागायची घाई करू नये, तिलाही घर आहे, नोकरी आहे. फक्त वहीत लिहावे. सरकारी कार्यालय असेल तर अशा आदेशांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागता येतात. दहा रुपयांचे शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. आदेश कागदावर असतील तर साक्षीदाराला पुढे ढकलायची गरजच पडत नाही.

व्हॉट्सअॅपचे निरोप जपण्याचीही रीत आहे. नुसता स्क्रीनशॉट कच्चा पुरावा असतो, कारण तो बनवता येतो. मूळ फोनमध्ये मूळ निरोप ठेवा, फोन विकू नका, गट सोडू नका. गटात निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर लगेच चॅट बाहेर काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. आवाजाची नोंद केली असेल तर ती कापू-जोडू नका. उद्या प्रकरण न्यायालयात गेले तर अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे. आणि एक सावधगिरी: पुरावा म्हणून रुग्णांची नावे, आजार, कार्यालयाची रजिस्टरे यांचे फोटो घरी आणू नका. साहेब बाजूला राहतील आणि गोपनीयता मोडल्याची कारवाई तुमच्यावरच होईल.

आठ आठवड्यांनी तिने वही समोर ठेवून एका पानाचा गोषवारा केला. मुदतीची एकूण कामे १४. त्यांत एका दिवसाच्या आतली मुदत ९ वेळा. तशाच कामांत शेजारच्या दोघींना एका दिवसाच्या आतली मुदत एकदा. मीटिंगा ८, त्यांत तिला उभे करून बोलले ६ वेळा, इतर कुणालाही मिळून २ वेळा. लेखी उत्तर देऊन मार्ग विचारला ५ वेळा, मार्ग सांगितला एकदाही नाही. पुनरावृत्ती दाखवणे म्हणजे हेच. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला शंभर पाने वाचायला वेळ नसतो. एक पान तो वाचतो, आणि प्रत्येक आकड्यासमोर वहीच्या पानाचा क्रमांक असेल तर शंका आली की उघडून पाहतो.

आता आपल्या समाजाचा खास प्रश्न. सगळ्यांसमोर बोलताना साहेबांच्या तोंडून जात निघते. कधी थेट, कधी आडून: "यांना फुकटचं खायची सवय", "कोट्यातून आल्यावर असंच होणार". अशा वेळी वस्तीतले आपले भाऊ लगेच म्हणतात, चला पोलीस स्टेशनला, अॅट्रॉसिटी लावू. राग समजतो. पण कायदा काय मागतो ते आधी पाहू.

अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) मध्ये, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या व्यक्तीने, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अपमानित करण्याच्या हेतूने, लोकांच्या नजरेसमोरच्या जागी जाणूनबुजून केलेला अपमान किंवा दिलेली धमकी येते. कलम ३(१)(एस) मध्ये अशाच जागी जातीवाचक शिवीगाळ येते. म्हणजे साहेब स्वतः अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल तर हे कलम लागत नाही. 'हितेश वर्मा' प्रकरणात नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे एवढ्याने गुन्हा होत नाही, अपमान ती त्या जातीची आहे म्हणून केलेला असावा लागतो. आणि ३१ जानेवारी २०२५ च्या 'करुप्पुदयार' निकालात तामिळनाडूतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या कक्षात जातिवाचक बोलल्याचा खटला रद्द झाला, कारण प्रसंग चार भिंतींच्या आत घडला आणि सहकारी नंतर आत आले होते. लोकांच्या नजरेसमोर ही अट पुरी झाली नाही, असे न्यायालयाने मानले.

म्हणून वहीत दोन गोष्टी काटेकोर हव्यात. जातीचा उल्लेख असेल तर तो शब्द न शब्द लिहा. आणि तो उच्चारला गेला त्या क्षणी तिथे कोण हजर होते ते लिहा, विशेषतः बाहेरचे लोक: रुग्ण, नातेवाईक, गावकरी, आशाताई. दार उघडे होते का, प्रसंग ओसरीवर घडला की खोलीत, हेही लिहा. हे नोंदलेले असेल तर फिर्याद मजबूत होते, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर कलम १८-अ मुळे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही हे पोलिसांना ठणकावून सांगता येते. जातीचा उल्लेख कुठेच नसेल, नुसती अशक्य मुदत असेल, तर ती जातीची तक्रार म्हणून नेऊ नये. तिथे हरलो तर साहेब मोकळे सुटतात आणि मुदतीची खरी तक्रारही खोटी ठरवली जाते. मात्र मीटिंगमध्ये बोलणी खाणाऱ्या सगळ्या आपल्याच असतील आणि काम तेवढेच बाकी असलेल्या इतरांना काही बोलत नसतील, तर तेही तुलनेत लिहा. आडून होणारा भेदभाव असाच दिसतो.

आपल्यातल्या काहींना वाटते की धम्म स्वीकारल्यावर हा कायदा आपल्याला लागू नाही. तसे नाही. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला आहे. जातीचे प्रमाणपत्र नीट जपून ठेवा. फिर्यादीच्या वेळी ते लागते.

आता तक्रार कुठे आणि कशी द्यायची. इथे खानदेशाला विसरता न येणारे एक नाव घ्यावे लागते. जळगावच्या डॉ. पायल तडवी या आदिवासी तडवी भिल्ल समाजातल्या, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पुढचे शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्या गेल्या. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळ, रॅगिंग आणि आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे आरोप झाले. आरोप सिद्ध झाले की नाही हे न्यायालय ठरवेल. मला इथे एकच गोष्ट दाखवायची आहे. घरच्यांचे म्हणणे होते की आम्ही रुग्णालयात आधी सांगितले होते. रुग्णालयाकडून सांगितले गेले की लेखी तक्रार आलीच नव्हती. आपल्या माणसाने सांगितले आणि समोरच्याने ऐकलेच नाही, हा वाद शिक्का असलेल्या एका कागदाने मिटतो.

म्हणून अर्ज कधीही हातात नुसता देऊ नये. दोन प्रती न्याव्यात. एक द्यावी, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्यावी. आवक विभाग टाळाटाळ करत असेल तर टपालाने पोचपावतीसह पाठवावा. अर्ज साहेबाकडे नको, त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे हवा. जिल्हा परिषदेची आरोग्यसेवा असेल तर तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. खासगी ठिकाण असेल तर मालक किंवा संचालक, आणि पगार, रजा, कामाचे तास यांचा प्रश्न असेल तर कामगार कार्यालय. अर्ज दीड पानापेक्षा मोठा नको. पहिल्या परिच्छेदात मी कोण, किती वर्षे नोकरीत. दुसऱ्यात गोषवाऱ्याचे आकडे. तिसऱ्यात सर्वात ठळक तीन प्रसंग, तारखांसह. चौथ्यात तब्येतीवर झालेला परिणाम. पाचव्यात मागणी. मागणी स्पष्ट हवी. "न्याय मिळावा" एवढेच लिहिले तर अधिकाऱ्याला काय करायचे ते कळत नाही. त्या बाईने तीन मागण्या लिहिल्या: कामे आणि मुदत लेखी मिळावी, चुका मीटिंगमध्ये नव्हे तर वेगळे बोलावून सांगाव्यात, आणि मुदतवाढीच्या काळात माझ्या कामाचे मूल्यमापन दुसऱ्या अधिकाऱ्याने करावे.

तिसरी मागणी कंत्राटी बायांसाठी महत्त्वाची आहे. अकरा महिने संपताना साहेब वाईट शेरा मारून आदेश थांबवू शकतात. म्हणून तक्रार आदेश संपायच्या दोन-तीन महिने आधी द्यावी. म्हणजे नंतर वाईट शेरा आला तर तक्रारीची तारीख आधीची आणि शेऱ्याची नंतरची, हे कागदावर दिसते. तरीही धोका उरतोच, हे मी लपवत नाही. कंत्राट न वाढवणे सोपे असते आणि त्याविरुद्ध लढणे लांबचे असते. घरात दुसरी कमाई नसेल तर आधी कुटुंबात बसून ठरवावे.

त्या बाईचे पुढे काय झाले? साहेबांकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्यांना शिक्षा झाली नाही, बदलीही नाही. पण त्यानंतर कामे मुदतीसह लेखी येऊ लागली आणि मीटिंगमध्ये उभे करणे बंद झाले. काहींना हे थोडे वाटेल. मला वाटत नाही. तिचा त्रास थांबला, नोकरी टिकली आणि तिच्या जागी उद्या दुसरीला उभे करणे साहेबांना तितके सोपे राहिले नाही.

तब्येतीचा कागदही पुरावाच आहे. सरकारी दवाखान्यात जाऊन केसपेपर काढा आणि डॉक्टरांना झोप, भूक, धडधड, रडू येणे हे सगळे कामाच्या ठिकाणच्या कशाशी जोडलेले आहे ते सांगा. ते केसपेपरवर लिहायला विनंती करा. दर वेळी बीपीचा आकडा तारखेसह लिहून ठेवा. सुट्टीत कमी आणि कामाच्या दिवसात जास्त येत असेल तर तेही दिसते. डॉक्टर साहेबाला दोषी ठरवू शकत नाहीत, पण त्या तारखेला तुम्ही काय सांगितले आणि तपासात काय आढळले ते लिहू शकतात. आणि मन फारच खचले असेल, मरणाचे विचार येत असतील, तर घरच्या एका माणसाला लगेच सांगा, एकटे राहू नका, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला. तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. जातीय अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

शेवटी विहाराबद्दल. आपल्या अनेक बायांना लिहिण्याची सवय नाही, काहींना लिहिता येत नाही. त्यांनी वही कशी ठेवायची? माझी सूचना आहे की रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास यासाठी ठेवावा. दहावी-बारावी झालेल्या मुली लिहितील, बाई सांगेल. लिहिलेले तिला वाचून दाखवावे, तिने सही किंवा अंगठा करावा, लिहिणारीनेही तारखेसह सही करावी. फक्त एक अट: विहारात ऐकलेले विहारातच राहिले पाहिजे. चावडीवर गेले की दुसऱ्या दिवशी साहेबांना कळते आणि पुराव्याआधीच बाईची नोकरी जाते.

बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचा लढा काठावर पाणी पिऊन सुरू केला, पण तो तिथे संपला नाही. पुढे जवळजवळ दहा वर्षे तो न्यायालयात चालला. तळ्याला अस्पृश्यांनी शिवू नये ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असे समोरच्यांचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना हरवले, कारण ती रूढी तशी जुनी आहे हे त्यांना पुराव्याने दाखवता आले नाही. "आधीपासून असंच चालत आलंय" हे वाक्य तिथे टिकले नाही. आपल्या कार्यालयातला साहेबही हेच म्हणतो: मी सगळ्यांशी असंच बोलतो, पहिल्यापासून असंच आहे. सगळ्यांशी की एकीशीच, ते वही दाखवेल.

जयभीम.